सत्रारंभ आणि प्रतिनिधींचे आगमन यांवरून ने-आण बसचे वेळापत्रक : अकोला येथील परिषदांच्या संदर्भात एक विवेचन

सारांश : महाविद्यालयीन परिषदेतील प्रतिनिधींची निवासस्थानापासून सभास्थानापर्यंत ने-आण करण्याचे वेळापत्रक बहुधा एकूण प्रतिनिधीसंख्येला बसच्या आसनसंख्येने भागून ठरविले जाते. हा भागाकार बरोबर असूनही वेळापत्रक चुकते; कारण आसने लागतात ती एका ठराविक वेळेपूर्वी, आणि प्रतिनिधी उपलब्ध होतात ते एका ठराविक वेळेनंतर. प्रस्तुत लेखात या दोन मर्यादांमधील कालावधी कसा काढावा व त्यात फेऱ्या कशा बसवाव्यात, याची मांडणी अकोला शहरातील परिस्थिती समोर ठेवून एका उदाहरणाद्वारे केली आहे.

बीजसंज्ञा : ने-आण सेवा, फेरीचक्र, सत्रारंभ, आगमन-नोंद, नोंदणी टेबल.

प्रस्तावना :

अकोल्याला संमेलने व परिषदा नव्या नाहीत. १९१२ साली हरि नारायण आपटे यांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलन येथे भरले होते. १९६९ साली डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची स्थापना झाल्यानंतर येथे कृषिविषयक बैठकांची भर पडली. राज्यातील चारही कृषी विद्यापीठांच्या संयुक्त कृषी संशोधन व विकास समितीची वार्षिक बैठक आळीपाळीने एकेका विद्यापीठात होते आणि तेव्हा राहुरी, परभणी व दापोली येथील शास्त्रज्ञ अकोल्यास येतात. याशिवाय संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालये विविध विषयांच्या परिषदा भरवितात.

या सर्व आयोजनांत एक अडचण समान असते. सभास्थानाच्या आवारातील अतिथिगृह लहान पडते, उरलेल्या प्रतिनिधींची सोय शहरातील हॉटेलांत करावी लागते आणि दोहोंमध्ये बस चालवावी लागते. बस उशिरा पोहोचल्याचा फटका प्रवाशाच्या सोयीपुरता मर्यादित राहत नाही. ज्याचे शोधनिबंधवाचन पहिल्या सत्रात आहे, त्याची दहा मिनिटे निघून गेली तर ती परत मिळत नाहीत. सत्राध्यक्ष पुढच्याचे नाव पुकारतो आणि दूरवरून आलेला अध्यापक केवळ उपस्थितीचे प्रमाणपत्र घेऊन परततो. म्हणून वेळापत्रकाची सुरुवात बसपासून न करता सत्रापासून करणे आवश्यक ठरते.

आगमनाची नोंद आणि तिचा अर्थ :

नोंदणी अर्जात 'आगमनाची तारीख व वेळ' असा रकाना असतो. या रकान्यातील माहिती जशीच्या तशी वापरली तर दोन चुका हमखास होतात.

पहिली चूक तारखेची होय. मुंबईहून रात्री निघणाऱ्या विदर्भ एक्सप्रेस व अमरावती एक्सप्रेस या गाड्या दुसऱ्या दिवशी पहाटे अकोल्यास येतात. १४ तारखेला रात्री गाडीत बसणारा प्रतिनिधी अर्जात अनेकदा १४ हीच तारीख लिहितो, कारण तिकिटावर प्रवासाची तारीख म्हणून तीच ठळक छापलेली असते. परिणामी त्याची खोली १४ च्या रात्री रिकामी राहते आणि १५ च्या पहाटे तो स्थानकावर उतरतो तेव्हा त्याची कोणीच वाट पाहत नसते. यावर उपाय सोपा आहे. अर्जातील प्रश्न 'अकोला स्थानकावर आपण कोणत्या तारखेस उतराल?' असा विचारावा आणि सोबत गाडीचा क्रमांक मागावा. क्रमांक व वेळापत्रक यांचा मेळ बसत नसेल तर तेवढ्याच प्रतिनिधींना दूरध्वनी करावा. केवळ '५.००' असे लिहिलेल्या नोंदी पहाटेच्या की सायंकाळच्या, हेही गाडीच्या क्रमांकावरूनच कळते.

दुसरी चूक अधिक सूक्ष्म आहे. गाडीतून उतरण्याची वेळ म्हणजे बसमध्ये बसण्याची वेळ नव्हे. पहाटे उतरलेल्या प्रतिनिधीस हॉटेलात पोहोचण्यास पंधरा मिनिटे लागतात असे मानू. तेथे ओळखपत्र दाखवून नोंदवहीत नाव लिहिण्यास, आणि एकाच गाडीतून आलेले आठ-दहा जण रांगेत असल्यास, वीस मिनिटे जातात. त्यानंतर थोडी विश्रांती, स्नान, कपडे बदलणे व न्याहारी यांसाठी पावणेदोन तास सोडावे लागतात. म्हणजे उतरल्यापासून बससाठी तयार होईपर्यंत सुमारे दोन तास वीस मिनिटे. या लेखात हिला 'सज्जतेची वेळ' म्हटले आहे. वेळापत्रकासाठी प्रत्येक नोंदीचे रूपांतर आधी सज्जतेच्या वेळेत करावे लागते. मूळ नोंद केवळ स्थानकावरील वाहनासाठी उपयोगी असते.

प्रवासमार्गानुसार प्रतिनिधींची विभागणीही येथेच करावी. अकोल्याच्या शिवणी विमानतळावरून नियमित प्रवासी विमानसेवा नसल्याने बहुतेक लोक रेल्वेने, एस. टी.ने किंवा स्वतःच्या वाहनाने येतात. स्वतःच्या वाहनाने येणारे बहुधा थेट सभास्थानी जातात. त्यांना बसच्या मोजणीत धरल्यास आसने विनाकारण वाढतात.

सत्रारंभापासून मागे मोजणी :

आता एक उदाहरण घेऊ. यातील आकडे विवेचनासाठी गृहीत धरलेले आहेत. कृषी विद्यापीठाच्या परिसरातील सभागृहात दोन दिवसांची परिषद आहे. बाहेरगावचे १८० प्रतिनिधी आहेत. त्यांपैकी ३६ जण परिसरातील अतिथिगृहात उतरतील, २४ जण स्वतःच्या वाहनाने येतील आणि १२० जण रेल्वे स्थानकाजवळील तीन हॉटेलांत राहतील. या तीन हॉटेलांना क, ख व ग म्हणू. बस म्हणून मिनीबस उपलब्ध आहेत. पिशव्या व ऐनवेळी येणारा स्वयंसेवक यांचा विचार करता एका मिनीबसमध्ये २४ प्रतिनिधी धरले आहेत.

उद्घाटन १०.३० वाजता आहे. प्रतिनिधी १०.२५ ला आसनस्थ व्हावयाचे तर शेवटची बस केव्हा पोहोचली पाहिजे, हे नोंदणी टेबलावर अवलंबून असते. तीन टेबले असून प्रत्येक प्रतिनिधीस नाव शोधणे, स्वाक्षरी घेणे व पिशवी देणे यांसाठी दोन मिनिटे लागतात असे मानल्यास दहा मिनिटांत पंधरा जणांची नोंदणी होते. सर्व १२० जण एकदम आले तर शेवटच्या माणसाची पाळी ऐंशी मिनिटांनी येईल. वेळापत्रक आखताना हा हिशेब सहसा सुटतो. बस वेळेवर पोहोचूनही सभागृह रिकामे दिसण्याचे कारण अनेकदा या रांगेत असते.

म्हणून शेवटची बस ९.५५ ला पोहोचावी असे ठरविले. प्रवासास २० मिनिटे लागत असल्यास ती हॉटेलातून ९.३५ ला सुटली पाहिजे. हीच या दिवसाची अंतिम सुटण्याची वेळ होय. येथून सज्जतेचे दोन तास वीस मिनिटे मागे गेल्यास ७.१५ ही वेळ मिळते. म्हणजे जो प्रतिनिधी ७.१५ नंतर स्थानकावर उतरेल, त्याला हॉटेलात नेऊन पुन्हा बसने आणणे शक्य नाही. त्याला सामानासह स्थानकावरून थेट सभास्थानी न्यावे, तेथे सामान ठेवण्यास एक कुलूपबंद खोली व हातपाय धुण्याची सोय करावी आणि त्याने हॉटेलात जाणे दुपारनंतर करावे. ज्या हॉटेलाची शेवटची बस ९.१५ ची आहे, तेथे ही मर्यादा ६.५५ होते. स्वयंसेवकांच्या सोयीसाठी सरसकट सात वाजेपर्यंतचे प्रतिनिधी हॉटेलात आणि त्यानंतरचे थेट सभास्थानी, असा नियम लिहून द्यावा.

उदाहरणातील १२० पैकी ७० जण आदल्या रात्रीपर्यंत पोहोचतात, ३८ जण पहाटे सहापूर्वी उतरतात आणि १२ जण सातनंतर उतरतात. शेवटचे १२ स्थानकावरील वाहनाकडे गेल्यावर बसकडे १०८ प्रतिनिधी उरतात.

फेरीचक्र आणि बसची संख्या :

१०८ ला २४ ने भागल्यास साडेचार येतात, म्हणजे पाच फेऱ्या. एक बस किती फेऱ्या करू शकेल हे तिच्या फेरीचक्रावरून ठरते. हॉटेलातून सुटून पुन्हा त्याच हॉटेलातून सुटेपर्यंतचा काळ म्हणजे फेरीचक्र. जाताना २० मिनिटे, उतरण्यास ४, रिकामी बस परत येण्यास १८, चढण्यास ६ आणि राखीव ७, अशी बेरीज ५५ मिनिटे होते. राखीव सात मिनिटे वगळण्याचा मोह आवरावा. पहिल्या फेरीतील उशीर दुसऱ्या फेरीत जाऊ न देण्याचे काम तीच करतात.

शेवटची फेरी ९.३५ ची असेल तर त्याच बसची आधीची फेरी ८.४० ला सुटली पाहिजे. त्याआधीची ७.४५ ला सुटून ८.०५ ला सभास्थानी पोहोचेल, जेव्हा तेथे टेबलेही मांडलेली नसतील. म्हणून उपयुक्त कालावधीत प्रत्येक बसच्या दोनच फेऱ्या बसतात. पाच फेऱ्यांसाठी तीन बस लागतात आणि सहावी फेरी राखीव क्षमता देते.

एका बसने तिन्ही हॉटेले फिरण्याऐवजी प्रत्येक हॉटेलास एक बस द्यावी. हॉटेले जवळजवळ असली तरी प्रत्येक थांब्यावर गणती, वाट पाहणे व कोणाला तरी खोलीतून बोलावणे यात पाच मिनिटे जातात आणि पहिल्या हॉटेलातील प्रतिनिधी बसमध्ये ताटकळतात. क, ख व ग येथील ४५, ३६ व २७ प्रतिनिधींसाठी वेळापत्रक असे होते :

| हॉटेल | पहिली फेरी सुटणे – पोहोचणे | प्रतिनिधी | दुसरी फेरी सुटणे – पोहोचणे | प्रतिनिधी |
|---|---|---|---|---|
| क | ८.२० – ८.४० | २४ | ९.१५ – ९.३५ | २१ |
| ख | ८.३० – ८.५० | २० | ९.२५ – ९.४५ | १६ |
| ग | ८.४० – ९.०० | १६ | ९.३५ – ९.५५ | ११ |

पहिल्या फेरीतील सर्व ६० जण आदल्या रात्री आलेल्यांपैकी आहेत. पहाटेचे ३८ व उरलेले १० मिळून ४८ जण दुसऱ्या फेरीत आहेत. कोण कोणत्या फेरीत आहे हे खोलीच्या किल्लीसोबत दिलेल्या चिठ्ठीवर लिहावे; केवळ फलकावर वेळा लिहिल्या तर बहुतेक जण शेवटचीच बस निवडतात.

आता टेबलांचा हिशेब पडताळून पाहू. नोंदणी ८.४५ ला सुरू झाल्यास पहिल्या ६० जणांचे काम चाळीस मिनिटांत, ९.२५ ला संपते. ९.३५ पासून येणाऱ्या ४८ जणांचे काम १०.०७ च्या सुमारास आणि स्थानकावरून थेट आलेल्या १२ जणांचे १०.१५ ला पूर्ण होते. अतिथिगृहातील ३६ जणांची नोंदणी आदल्या सायंकाळी व स्वतःच्या वाहनाने येणाऱ्यांची स्वतंत्र टेबलावर केली, तरच हा हिशेब टिकतो.

खर्च कमी करण्यासाठी दोन बसवर भागेल काय, हा प्रश्न समितीत निश्चित विचारला जातो. न्याहारी हॉटेलाऐवजी सभास्थानी ठेवली तर ७.३५ व ७.४५ च्या फेऱ्यांना अर्थ येतो. मग दोन बसच्या प्रत्येकी तीन, म्हणजे एकूण सहा फेऱ्या होतात आणि १४४ आसने मिळतात. ही संख्या भरपूर वाटते. परंतु पहाटे आलेले ३८ जण शेवटच्या दोन फेऱ्यांत धरले आहेत आणि तेथे आसने ४८ च आहेत. आदल्या रात्रीच्या ७० पैकी दहाहून अधिक जणांनी सकाळची फेरी चुकविली की शेवटची बस अपुरी पडते. एकूण आसने पुरेशी असणे आणि हव्या त्या वेळी पुरेशी असणे यांतील फरक येथे स्पष्ट होतो. दोन बसचा पर्याय घ्यावयाचा असल्यास ९.३५ ला एक जीप राखीव ठेवावी.

प्रवासवेळेचे मापन व त्यातील बदल :

वरील मांडणीत २० मिनिटे ही प्रवासवेळ गृहीत आहे. प्रत्यक्षात ती मोजावी लागते. मोजणी परिषदेच्या आधीच्या आठवड्यात, त्याच वारी, त्याच वेळी आणि मिनीबसनेच करावी; दुचाकीने मोजलेली वेळ उपयोगी पडत नाही. तीन वेळा मोजून सर्वांत जास्त आलेली वेळ वापरावी, सरासरी नव्हे. सरासरी धरल्यास साधारणतः निम्म्या फेऱ्या उशिरा पोहोचतील.

अकोल्यात काही दिवस या मोजणीला अपवाद असतात. श्रावणातील शेवटच्या सोमवारी गांधीग्राम येथून पूर्णेचे पाणी कावडीने आणून राजराजेश्वरास जलाभिषेक केला जातो. त्या दिवशी शहरातील प्रमुख रस्ते कावडयात्रेने व्यापलेले असतात. २७ डिसेंबर या पंजाबराव देशमुखांच्या जयंतीच्या सुमारास विद्यापीठ परिसरात कृषी प्रदर्शन भरत असल्यास गर्दी नेमकी सभास्थानाच्या दाराशी असते. असा दिवस टाळता येत नसेल तर प्रवासवेळेत केलेल्या वाढीचा परिणाम फेरीचक्रावर पाहावा. २० व १८ मिनिटांऐवजी ३० व २८ लागली तर फेरीचक्र ७५ मिनिटांचे होते. शेवटची बस ९.२५ ला सोडावी लागते आणि तिची आधीची फेरी ८.१० ला जाते. दोन्ही फेऱ्या अद्याप बसतात. मात्र पहाटेच्या प्रतिनिधींची मर्यादा दहा मिनिटे अलीकडे येते.

उशिरा धावणारी गाडी हे बिघाडाचे दुसरे कारण. पहाटे पाच वाजता एका स्वयंसेवकाने १३९ या रेल्वे चौकशी क्रमांकावर गाड्यांची स्थिती पाहावी. एखादी गाडी तासभर उशिरा असेल व सातपूर्वी येणार असेल तर काहीच बदलू नये. ती सातनंतर येणार असेल तर त्या गाडीतील प्रतिनिधींची नावे हॉटेलच्या यादीतून काढून स्थानकाच्या यादीत घालावीत. उशिरा येणाऱ्यांसाठी बस थांबवू नये. पाच मिनिटे थांबलेली बस वीस जणांची प्रत्येकी पाच मिनिटे घेते, आणि पुढील फेरीतील राखीव वेळ संपविते.

दुसरा दिवस व परतीचा प्रवास :

दुसऱ्या दिवशी नोंदणी नसते. म्हणून शेवटची बस सत्रारंभाच्या पंधरा मिनिटे आधी पोहोचली तरी चालते. ९.३० च्या सत्रासाठी बस ८.३५, ८.४५ व ८.५५ ला सोडता येतात. त्यांत ७२ आसने आहेत. पहिल्या सत्रात वाचन असणारे, त्या सत्रांचे अध्यक्ष व त्या विषयाचे अभ्यासक यांना या फेऱ्यांत आधी स्थान द्यावे. ज्यांचे वाचन दुपारी आहे त्यांना ९.३० पासूनच्या दुसऱ्या फेऱ्या सुचवाव्यात. यासाठी सत्रनिहाय यादीस हॉटेलचा रकाना जोडावा लागतो. हे काम सायंकाळी अर्ध्या तासात होते.

परतीचा हिशेब उलट असतो. समारोप संपताच सर्व जण एकाच वेळी बाहेर पडतात आणि ७२ जण गेल्यावर उरलेल्या ३६ जणांना जवळपास एक फेरीचक्र, म्हणजे ५५ मिनिटे थांबावे लागते. येथे सत्रारंभाची जागा परतीच्या गाडीची वेळ घेते. नोंदणी अर्जात परतीच्या गाडीचा क्रमांक मागितला असल्यास लवकर सुटणाऱ्या गाडीचे प्रतिनिधी पहिल्या फेरीत बसवता येतात व उरलेल्यांसाठी चहा त्याच वेळी ठेवता येतो. समारोप लांबल्यास बस रिकाम्या उभ्या राहतात, पण रेल्वेगाडी थांबत नाही. म्हणून पहिली परतीची बस समारोपाच्या प्रत्यक्ष समाप्तीवर न सोडता घोषित वेळेवर सोडावी.

समारोप :

उद्घाटन नेहमी उशिराच होते, मग बस उशिरा आली तरी चालेल, असा युक्तिवाद आयोजक समित्यांत ऐकू येतो. प्रमुख पाहुण्यांच्या विलंबावर आधारलेले असे वेळापत्रक पहिल्या दिवशी निभावते. दुसऱ्या दिवशी, जेव्हा तीन कक्षांत शोधनिबंधवाचन ठरल्या वेळी सुरू होते, तेव्हा ते उघडे पडते. तोवर प्रतिनिधींनी छापील वेळांवर विश्वास ठेवणे सोडलेले असते आणि ते स्वतःहून ऑटोरिक्षा करू लागतात.

वेळापत्रक खरे उतरले की नाही हे तपासण्यास फार साधने लागत नाहीत. प्रत्येक बसच्या चालकाजवळील कागदावर सुटण्याची व पोहोचण्याची वेळ आणि प्रवासीसंख्या लिहिली तर पहिल्या दिवशी सहा ओळी मिळतात. पहिल्या फेरीत अपेक्षित ६० ऐवजी ४० जण असतील तर दुसऱ्या फेरीत वीस जणांची भर पडणार हे ९.०० वाजताच कळते आणि पंधरा मिनिटांत जादा वाहन बोलावता येते. हाच कागद पुढील वर्षीच्या समितीस दिल्यास तिला २० मिनिटे गृहीत धरावी लागत नाहीत.